ब्रुनोची वार्षिक लस: टायटर बघून काय थांबवता येतं, काय नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कात राहतो. आमचा लॅब्रॅडॉर ब्रुनो सहा वर्षांचा आहे. पिल्लू असताना ४५ आणि ६६ दिवसांना डोस झाले, नंतर दरवर्षी जूनमध्ये नाइन-इन-वन आणि रेबीज एकाच दिवशी देतो. मागच्या जूनमध्ये लस दिल्यावर तासाभरात त्याचं तोंड सुजलं आणि अंगावर गांधी उठल्या, इंजेक्शन दिल्यावर उतरल्या. माझी बहीण म्हणते, रक्ताची अँटीबॉडी टायटर टेस्ट करून घे, मग दरवर्षी लस लागत नाही. हे खरं आहे का? सगळ्या लसी बंद करता येतील का? यंदाचा डोस जूनमध्येच आहे, म्हणून आत्ता एप्रिलमध्ये विचारतोय.

उत्तर:

सगळ्या नाही. डिस्टेंपर, पार्वो आणि संसर्गजन्य हिपॅटायटिस या तीन आजारांची लस टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण, बघून थांबवता येते, आणि तुम्ही सांगितलेल्या इतिहासावरून ब्रुनोची ती थांबवता येईल असं मला वाटतं. लेप्टो या उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराचा डोस मात्र दरवर्षी लागेल आणि रेबीजचाही वेळेवर लागेल. या दोन्हींच्या बाबतीत टायटर कितीही चांगलं आलं तरी मी डोस टाळणार नाही. बहिणीचं म्हणणं चूक नाही, पण ते नाइन-इन-वनच्या एका भागापुरतंच खरं आहे.

आधी त्या नाइन-इन-वनमध्ये काय असतं ते बघू, कारण पुढचा सगळा निर्णय तिथेच आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात लस तयार करताना बघा. दोन छोट्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी पांढरी, कोरडी टिकली चिकटलेली दिसते. दुसरीत पातळ द्रव असतो. डॉक्टर तो द्रव सिरिंजने ओढून टिकलीच्या बाटलीत सोडतात, हलवतात आणि मग टोचतात. कोरड्या टिकलीत जिवंत पण निरुपद्रवी केलेले विषाणू असतात: डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस देणारा ॲडिनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएन्झा. द्रवात मारलेले लेप्टोस्पायरा जिवाणू असतात, नाइन-इन-वनमध्ये बहुतेक चार प्रकारचे. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण ढाचा हाच. म्हणजे तुम्ही जिला एक लस समजता त्या दोन अगदी वेगळ्या जातीच्या लसी आहेत. टोचल्या एकत्र जातात एवढंच, शरीरात त्यांचं काम आणि टिकण्याचा काळ सारखा नसतो.

जिवंत विषाणूची लस टोचल्यावर तो विषाणू शरीरात काही दिवस वाढतो. शरीराला खराखुरा संसर्ग झाल्यासारखं वाटतं आणि ते त्याची दीर्घकाळची आठवण ठेवतं. पार्वो आणि डिस्टेंपरच्या बाबतीत लस दिलेल्या कुत्र्यांना सात वर्षांनंतर मुद्दाम विषाणू देऊन बघितलं तेव्हाही ती आजारी पडली नाहीत. आता अशा कुत्र्याला दरवर्षी पुन्हा तीच लस दिली तर काय होतं? त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी लसीतल्या विषाणूला आल्या आल्या निष्प्रभ करतात. विषाणू वाढतच नाही आणि त्यामुळे प्रतिकारशक्तीही वाढत नाही. ज्याला आपण बूस्टर म्हणतो तो अशा कुत्र्यात बूस्ट काहीच करत नाही. हा मुद्दा कितीही समजावला तरी पटायला वेळ लागतो, कारण दरवर्षी कार्डावर स्टिकर लागला की मालकाला बरं वाटतं.

मग दरवर्षीची प्रथा आली कुठून? या लसी बाजारात आल्या तेव्हा कंपन्यांनी एक वर्षापर्यंतच त्यांची परीक्षा घेतली होती, म्हणून लेबलवर एक वर्ष लिहिलं गेलं. पार्वो तर जगात १९७८ च्या सुमारास अचानक पसरला. त्या धास्तीत कोणी जास्त दिवसांची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. एक वर्षाची सवय पडली आणि टिकली. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना, म्हणजे वॉसावा, गेली कित्येक वर्षं सांगते आहे की पिल्लूपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा एक डोस नीट झालेल्या प्रौढ कुत्र्याला हा जिवंत विषाणूंचा भाग तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देऊ नये. म्हणजे टायटर टेस्ट न करतासुद्धा ब्रुनोला हा भाग दरवर्षी लागत नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग टेस्टची गरज काय, तीन वर्षांनी डोस दिला की झालं. बऱ्याच कुत्र्यांत तसं चालतं. पण ब्रुनोच्या पिल्लूपणीच्या डोसाकडे बघा: ४५ आणि ६६ दिवस. आपल्याकडे सर्रास असंच होतं आणि तिसरा डोस राहून जातो. पिल्लाला आईच्या चिकातून मिळालेल्या अँटीबॉडी काही पिल्लांत १४-१५ आठवड्यांपर्यंत टिकतात आणि तोवर दिलेली लस त्या खाऊन टाकतात. म्हणून शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. ६६ दिवस म्हणजे साडेनऊ आठवडे. त्या दोन्ही डोसांचा ब्रुनोला उपयोग झाला असेल किंवा नसेलही, कार्डावरून ते कळत नाही. पण वर्षभराचा झाल्यावर जो डोस दिला तेव्हा आईच्या अँटीबॉडी केव्हाच संपल्या होत्या. मोठ्या कुत्र्याला जिवंत विषाणूचा एक चांगला डोससुद्धा पुरतो. त्यामुळे ब्रुनोची मला काळजी नाही. काळजी त्या कुत्र्यांची, ज्यांना ४५ आणि ६६ दिवसांना डोस झाले आणि नंतर "लस झाली आहे" या समजात वर्षानुवर्षं काहीच झालं नाही.

आणखी एक गोष्ट कार्डावर दिसत नाही: लस टोचली त्या दिवशी ती जिवंत होती का. ही लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. दुकानातून घेऊन डिकीत टाकून दुपारभर हिंडवलेली बाटली, दिवसभर लाइट गेलेला फ्रीज, किंवा टिकली विरघळवून तासभर तशीच ठेवलेली सिरिंज, या सगळ्यांत स्टिकर तोच लागतो. विषाणू मेला असेल तर ती लस म्हणजे नुसतं पाणी. टायटरचा माझ्या मते खरा फायदा इथे आहे. डोस वाचवणं हा एक भाग झाला, पण लस लागू पडली की नाही हे दाखवणारी दुसरी कुठलीच सोपी वाट आपल्याकडे नाही.

आता टेस्टकडे येऊ. रक्तातला सिरम पातळ करत करत नेला तरी किती पातळ असेपर्यंत तो विषाणूला अडवतो, ते म्हणजे टायटर. १:८० म्हणजे ८० पट पातळ करूनही अडवतो. ही मूळ पद्धत मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि वेळखाऊ असते. दवाखान्यात वापरायची किटं आहेत, त्यातलं व्हॅक्सिचेक हे एक. यात फणीसारखी एक प्लास्टिकची पट्टी असते. एका कुत्र्यासाठी फणीचा एक दात. त्या दातावर उभ्या ओळीत ठिपके उमटतात: सगळ्यात वरचा तपासणीचा, म्हणजे कंट्रोलचा, आणि खाली तीन आजारांचे. रक्ताचा अगदी छोटा थेंब पुरतो. फणी एकामागून एक सहा खणांत बुडवायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत ठिपके राखाडी होतात. जितका गडद तितक्या अँटीबॉडी जास्त. कंट्रोलच्या ठिपक्याची छटा ही तीनची पातळी मानून बाकीच्या ठिपक्यांना शून्य ते सहा असे गुण देतात. तीनची पातळी साधारणपणे पार्वोसाठी १:८०, डिस्टेंपरसाठी १:३२ आणि हिपॅटायटिससाठी १:१६ टायटरच्या बरोबरीची.

इथे लोकांचा एक गैरसमज होतो. एखाद्याच्या कुत्र्याचा पार्वो सहा आला आणि तुमचा तीन आला, तर तुमचा कुत्रा अर्धवट सुरक्षित असं नाही. लस झालेल्या प्रौढ कुत्र्यात या तीन आजारांविरुद्ध अँटीबॉडी ठळकपणे असणं हाच निकष आहे. तीन असो की सहा, अर्थ एकच: लस लागू पडली आहे आणि शरीराला आठवण आहे. आकडा वर नेण्यासाठी डोस देण्यात काही हशील नाही, तो आकडा त्याने वर जाणारही नाही.

शून्य किंवा एक आला तर मात्र विचार करावा लागतो. अँटीबॉडी खाली आल्या तरी आठवण ठेवणाऱ्या पेशी शिल्लक असू शकतात आणि विषाणू आल्यावर त्या जाग्याही होतील. पण त्या पेशी मोजण्याची सोय दवाखान्यात नाही. म्हणून कमी आला की कुत्रा उघडा आहे असं धरून एक डोस द्यायचा आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, हा माझा नियम आहे. दोनच्या छटेवर मी टेस्ट पुन्हा करायला सांगतो, कारण ती डोळ्यांनी वाचायची असते आणि दोन-तीनमध्ये माणसामाणसात फरक पडतो.

टेस्ट फसते ती बहुतेक हाताळणीमुळे. किट फ्रीजमधून काढून लगेच वापरलं तर ठिपके फिके येतात. ते आधी खोलीच्या तापमानाला यावं लागतं. कंट्रोलचा ठिपकाच उमटला नाही तर बाकीचं काहीही दिसो, ती टेस्ट बाद. तुम्ही समोर असाल तर तो वरचा ठिपका स्वतः बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. आणखी एक घोळ मी वरचेवर बघतो: "पार्वोची टेस्ट निगेटिव्ह आली" म्हणून लोक खूश होऊन येतात आणि ती असते विष्ठेची पट्टी, जिच्यात विषाणू शोधतात. ती निगेटिव्ह म्हणजे त्या दिवशी विष्ठेत विषाणू सापडला नाही. प्रतिकारशक्तीबद्दल ती काहीच सांगत नाही. आपल्याला हवी ती रक्ताची अँटीबॉडी टेस्ट, आणि तिचा पॉझिटिव्ह निकाल ही चांगली बातमी असते.

पॅराइन्फ्लुएन्झा राहिला. टिकली बंद केली की तोही बंद होतो आणि त्याचं टायटर बघून काही कळत नाही. हा खोकल्याचा आजार आहे, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यात सहसा सौम्य. ब्रुनोला तुम्ही सुट्टीत बोर्डिंगला ठेवत असाल तर केनेल कफची वेगळी लस घेता येईल. घरीच असतो, तर मी त्यासाठी टिकली चालू ठेवणार नाही.

आता लेप्टो. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुम्ही नागाळा पार्कात राहता.

लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदीर-घुशींच्या, गुरांच्या लघवीतून पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचलं की आपण सगळे मोबाइलवर आकडे बघत बसतो आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की सामान वर चढवतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं ते तुम्ही बघितलंच आहे. पण लेप्टोचा खरा धोका पाणी चढताना कमी आणि उतरल्यावर जास्त असतो. बिळांतून बाहेर पडलेले उंदीर घरांच्या आसऱ्याला येतात, गल्लीत चिखल आणि डबकी राहतात, आणि कुत्रा त्यातून चालतो, पंजे चाटतो, डबक्यातलं पाणी पितो. जिवाणू ओरखड्यातून, डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेतून आत शिरतात. चिखली, आंबेवाडीकडच्या मळ्यातल्या कुत्र्यांना पूर न येताही हा धोका असतो. उसाच्या फडात उंदीर बारा महिने आणि पाटाचं पाणीही बारा महिने.

लेप्टोची लस मारलेल्या जिवाणूंची असते. ती शरीरात वाढत नाही, त्यामुळे आठवणही फार काळ टिकत नाही. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिल्यावर साधारण वर्षभर संरक्षण मिळतं, आणि ते चालू ठेवायला दरवर्षी एक डोस लागतो. इथे टायटर का चालत नाही? कारण लसीनंतर या अँटीबॉडी काही महिन्यांतच इतक्या खाली जातात की मोजता येत नाहीत, तरीही कुत्रा सुरक्षित असू शकतो. आणि उलट, रक्तात लेप्टोच्या अँटीबॉडी सापडल्या तर त्या जुन्या लसीच्या आहेत, जुन्या संसर्गाच्या आहेत की आत्ता चालू असलेल्या आजाराच्या, हे एका नमुन्यावरून ठरवता येत नाही. पार्वोसारखी "आहे म्हणजे सुरक्षित" अशी रेषा इथे नाहीच. म्हणून कोणी लेप्टोचं टायटर काढून लस टाळू म्हणालं तर ऐकू नका. वॉसावाने २०२४ च्या मार्गदर्शनात, जिथे लेप्टो आढळतो आणि योग्य लस मिळते तिथे ही लस सगळ्याच कुत्र्यांसाठी आवश्यक धरली आहे.

लसीची मर्यादाही सांगतो. लसीत ज्या गटांचे जिवाणू आहेत त्यांच्यापासूनच ती नीट वाचवते. आपल्याकडे त्यापलीकडचे गटही फिरतात. त्यामुळे लस झाली असली तरी पावसाळ्यात ब्रुनोला ताप आला, उलट्या झाल्या, मागचे पाय आखडून चालू लागला, लघवी अचानक कमी किंवा फार जास्त झाली, डोळे पिवळसर दिसले, तर "लस झाली आहे" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी आणा. त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, हा आजार माणसांना होतो. घरातल्या कोणाला त्याच काळात ताप आला तर तुमच्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा.

रेबीजचं थोडक्यात. रेबीजच्या अँटीबॉडीही मोजता येतात आणि ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर ही त्याची मान्य पातळी आहे. पण ती टेस्ट परदेशी जाणाऱ्या कुत्र्यांसाठी आहे. उद्या ब्रुनोला घेऊन युरोपात जायचं ठरलं तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी नमुना द्यावा लागेल आणि नमुन्यानंतर तीन महिने थांबावं लागेल. तेवढंच तिचं काम. आपल्या गल्लीत मोकाट कुत्री आहेत, रेबीज आहे, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. ब्रुनोला भटक्या कुत्र्याने चावलं किंवा ब्रुनोने कोणाला चावलं, तर विचारणा होते ती रेबीजच्या तारखेची. तिथे टायटरचा रिपोर्ट कोणी मानणार नाही. काही रेबीज लसींच्या लेबलवर एक वर्ष असतं, काहींवर तीन. तुमच्या कार्डावरचा स्टिकर आणि तुमच्या डॉक्टरांचं मत यांप्रमाणे तारीख पाळा. तारीख चालू असतानाही चावा झाला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच पुन्हा डोससाठी आणा.

आता मागच्या जूनमधली सूज. लसीनंतर तासाभरात तोंड सुजणं आणि गांधी उठणं ही लसीतल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी आहे. तो घटक कोणता हे तुमच्या बाबतीत आपल्याला कळूच शकत नाही, कारण त्या दिवशी टिकली, लेप्टो आणि रेबीज तिन्ही एकदमच गेले. त्यामुळे टिकली बंद केली म्हणजे ॲलर्जी बंद झाली असं मी तुम्हाला सांगणार नाही. लेप्टोमुळेही ती असू शकते. पण टिकली निघाली की संशयितांतला एक कमी होतो, आणि उरलेले दोन वेगळ्या दिवशी दिले की कोणता तो कळतो. त्या दिवशी ब्रुनो कोसळला असता, हिरड्या पांढऱ्या पडल्या असत्या, श्वास अडकला असता, तर माझा सल्ला वेगळा असता. तेव्हा मी लेप्टोही थांबवायला सांगितली असती आणि उंदीर, डबकी यांच्यापासून लांब ठेवण्यावर भर दिला असता. नुसत्या सुजेसाठी आणि गांधींसाठी, तुमच्या भागात, मी लेप्टो सोडणार नाही.

ब्रुनोचं यंदाचं वेळापत्रक मी असं लावेन. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रक्त द्या, टायटरसाठी. कुत्रा आजारी नसावा आणि त्याआधी महिनाभर कुठली लस झालेली नसावी, या दोन अटी. किटची टेस्ट असेल तर निकाल त्याच दिवशी मिळतो. तिन्ही ठिपके तीन किंवा वर आले तर टिकली बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात फक्त लेप्टो. जून येईपर्यंत थांबू नका, कारण डोसाचा असर व्हायला दोन आठवडे तरी जातात आणि जूनमध्ये पाणी सुरू झालेलं असतं. तुमचा मागचा लेप्टो डोस जूनमधला, म्हणजे तेव्हा अकरा महिने होतील. थोडा लवकर दिला तरी बिघडत नाही. उशीर झाला तर बिघडतं: डोसातलं अंतर पंधरा महिन्यांच्या वर गेलं तर मी पुन्हा दोन डोसांपासून सुरू करतो.

लेप्टो वेगळी मिळते का, हे तुमच्या डॉक्टरांना दोन आठवडे आधी विचारा. काही कंपन्यांची नुसती लेप्टो मिळते, काहींची रेबीज-लेप्टो एकत्र असते. ब्रुनोला एकत्र नको. नाइन-इन-वनची फक्त द्रवाची बाटली टोचून घ्यायची असेल तर त्या लसीच्या माहितीपत्रकात तशी परवानगी आहे का ते डॉक्टरांनी बघायला हवं. काहींत द्रव हीच पूर्ण लेप्टो लस असते, काहींत नाही.

लेप्टोच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला या. संध्याकाळी शेवटच्या नंबरला येऊ नका, कारण त्रास झाला तर दवाखाना उघडा असायला हवा. डॉक्टर आधी ॲलर्जीचं इंजेक्शन, आपल्याकडे बहुतेक अविल, वजनानुसार देतील आणि अर्ध्या तासाने लस. नंतर तासभर दवाखान्याच्या आवारात थांबा. ओठ, पापण्या, कानांची मुळं हाताने चाचपत राहा. सूज तिथे आधी जाणवते, डोळ्यांना दिसण्यापूर्वी. लॅब्रॅडॉरच्या दाट केसांत गांधी दिसत नाहीत, पण केस उलटे फिरवले की हाताला लागतात. काही झालं नाही तर तीन आठवड्यांनी, मेच्या अखेरीस, रेबीज. तीच काळजी घेऊन.

निकाल असा सरळ आला नाही तर? परवाच्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका मळ्यातला डॉबरमॅन आला होता, चार वर्षांचा. कार्ड भरलेलं, स्टिकर दरवर्षीचे. टायटर केलं तर डिस्टेंपर चार, हिपॅटायटिस चार आणि पार्वो शून्य. कंट्रोलचा ठिपका व्यवस्थित होता. मालक म्हणाले, किट खराब असेल. नवीन किटवर पुन्हा केलं, तेच आलं. मग माझ्यासमोर, थेट फ्रीजमधून काढलेली लस दिली आणि चार आठवड्यांनी तपासलं. पार्वो पुन्हा शून्य. लस खराब असती तर डिस्टेंपरचे आणि हिपॅटायटिसचे ठिपकेही फिके आले असते, कारण ते सगळे एकाच टिकलीत असतात. कंपनी बदलून आणखी एक डोस दिला, तरी काही फरक नाही. अशा कुत्र्यांच्या शरीराला त्या एका विषाणूची ओळखच पटत नाही. हे आनुवंशिक असतं आणि डॉबरमॅन, रॉटवायलर या जातींत पार्वोच्या बाबतीत पूर्वीपासून जास्त दिसलं आहे. अंदाज असा सांगतात की पार्वोसाठी हजारात एखादा कुत्रा असा निघतो, डिस्टेंपरसाठी पाच हजारांत एखादा. त्या डॉबरमॅनला डोसांवर डोस देत बसण्यात अर्थ नव्हता. मालकांना सांगितलं की पिल्लं भरलेल्या ठिकाणी, दुसऱ्याच्या घरच्या जुलाब झालेल्या कुत्र्याजवळ याला नेऊ नका, आणि याच्यापासून पिल्लं घेऊ नका. टेस्ट झाली नसती तर स्टिकर बघून तो सुरक्षित आहे असंच सगळे धरून चालले असते.

ब्रुनोचा एकच ठिपका कमी आला, समजा डिस्टेंपर, तर नुसती डिस्टेंपरची लस आपल्याकडे सहज मिळत नाही. मग टिकली द्यावी लागेल, पण लेप्टोच्या द्रवाऐवजी इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून, आणि लेप्टोपासून तीन आठवडे लांब. मग रेबीज आणखी पुढे सरकेल. ते जूनमधल्या तुमच्या तारखेपलीकडे जाऊ नये एवढं बघा. ओढाताण झाली तर आधी रेबीज, मग टिकली.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. टायटरची टेस्ट बऱ्याचदा एका नाइन-इन-वनपेक्षा महाग पडते. पण ती दरवर्षी करायची नसते. एकदा तिन्ही ठिपके चांगले आले की पुढची टेस्ट तीन वर्षांनी. ब्रुनो दहा वर्षांचा झाला की मात्र मी ती दरवर्षी करायला सांगतो, कारण म्हातारपणी प्रतिकारशक्ती कशी वागेल याची खात्री देता येत नाही. मध्येच त्याला स्टेरॉइडची मोठी औषधं सुरू झाली किंवा रक्तपेशी फुटण्याचा आजार झाला, तर टिकलीतले जिवंत विषाणू तेव्हा टोचायचेच नसतात आणि टायटर हा एकमेव मार्ग उरतो. अशा वेळी तीन वर्षांची वाट बघू नका.

रिपोर्ट आला की तो कार्डाच्या आत, टिकलीचा स्टिकर जिथे लागायचा त्याच ओळीत चिकटवा आणि शेजारी तारीख, किटचं नाव आणि तिन्ही गुण डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्या. लेप्टो आणि रेबीजचे स्टिकर वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकापुढे "त्रास झाला" किंवा "झाला नाही" असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे पुढच्या मेमध्ये कोणता डोस काळजीने द्यायचा ते नवीन डॉक्टरांनाही कळेल.